अल्बमसाठी फोटो-व्हिडिओ ओरिजनल कसे पाठवायचे: व्हॉट्सअ‍ॅप ते का दाबतं आणि वाट कुठून काढायची

कोल्हापुरात लग्नाचा अल्बम डिझाइन करून घेताना किंवा चौकातल्या फ्लेक्सचं काम देताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, हा फोटो फाटतोय की. ओरिजनल हाय काय?" आपल्या मोबाइलवर तो फोटो स्वच्छ दिसत असतो, त्यामुळे समोरचा उगाच नखरे करतोय असं वाटतं. पण त्याचं बरोबर असतं. त्याच्या हातात आलेली फाइल आणि तुमच्या मोबाइलमधली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरातल्यांनी मोबाइलवर काढलेले हळदीचे, मेंदीचे, वरातीचे फोटो आणि व्हिडिओ अल्बमवाल्याकडे किंवा एडिटिंगवाल्याकडे जसेच्या तसे कसे पोचवायचे, तेवढंच इथे सांगितलं आहे. नात्यातल्या ग्रुपवर गंमत म्हणून फोटो टाकायचे असतील तर यातलं काहीही करायची गरज नाही; तिथे दाबलेला फोटोच बरा, सगळ्यांची मेमरी वाचते.

सुरुवात करण्याआधी एवढं हाताशी ठेवा:

- ज्या मोबाइलवर फोटो काढला तोच मोबाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत नाही.
- चांगलं वायफाय. 200-300 फोटो मोबाइल डेटावर चढवणं म्हणजे दिवसाचा डेटा संपवणं.
- एक गुगल खातं, ज्यात निदान 2-3 जीबी जागा मोकळी आहे.
- डेटा जाणारी यूएसबी केबल. काही स्वस्त केबलांत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, त्यातून फाइल जात नाही.
- फोटो किती मोठा छापायचा आहे, त्याचं माप इंचात.

## 1. फोटोचं नेमकं काय होतं ते पाहा

गॅलरीतून फोटो निवडून पाठवला की तो बाहेर पडण्याआधी तुमच्याच मोबाइलमध्ये दोन गोष्टी होतात. पहिली, फोटो आकाराने लहान केला जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या क्वालिटीत लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आणली जाते. बाराशे बाय सोळाशे मापाची फाइल दिसली की अल्बमवाला न विचारता ओळखतो की ही व्हॉट्सअ‍ॅपवरून आली आहे. दुसरी गोष्ट, उरलेल्या पिक्सेलवर जेपीईजीचा दाब वाढवला जातो.

हा दाब कुठे पडतो हे कळलं की खराब फोटो नजरेने ओळखता येतो. जेपीईजी फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी-जास्त टाकून देते. उजेड-अंधारातला फरक आपल्या डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या चौथ्या हिश्श्याएवढीच ठेवली जाते. त्याचा फटका लाल रंगाला जास्त दिसतो. नवरीच्या शालूचा लाल काठ आणि त्यावरची सोनेरी जर जिथे भेटतात, तिथे फोटो मोठा करून बघा. ओरिजनलमध्ये काठाची रेघ सरळ असते. दाबलेल्या फोटोत लाल रंग जरीवर सांडल्यासारखा दिसतो आणि जरीची नक्षी एकसारखी पिवळट पट्टी होते. मुंडावळ्यांच्या मोत्यांभोवती धुरकट कडा येते, आणि मांडवाच्या एकरंगी पडद्यावर चौकोन-चौकोन दिसायला लागतात.

एकदा टाकून दिलेला तपशील परत येत नाही. "फोटो एचडी करून देतो" म्हणणारी अ‍ॅप्स कडा गडद करतात किंवा चेहरा अंदाजाने भरून काढतात. मोठ्या छपाईत आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जाऊन तिथे मेणाचा गुळगुळीतपणा आला, तर तो बहुधा याच कारागिरीचा परिणाम असतो.

आता अ‍ॅप हे करतं तरी का? डेटा आणि वेळ वाचतो, हे सरळ कारण झालं. 4 एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीचा झाला की कमी रेंजच्या गावातही लगेच जातो आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कमी जागा खातो. पण आणखी एक कारण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि फोटो पाठवणाऱ्याच्या मोबाइलमध्येच कुलूपबंद होऊन निघतात. मधल्या सर्व्हरला आतला फोटो दिसतच नाही. त्यामुळे मोठा फोटो घेऊन ज्याला जसा हवा तसा लहान-मोठा करून देणं सर्व्हरला शक्य नाही. जे लहान करायचं ते कुलूप लावण्याआधी तुमच्या मोबाइललाच करावं लागतं, आणि मग ते सगळ्यांसाठी एकदाच होतं.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी निघते: अ‍ॅपला ही वस्तू "फोटो" आहे असं कळलं की ते दाबणार. तीच वस्तू "फाइल" म्हणून दिली की ते हात लावत नाही. पुढच्या सगळ्या युक्त्या याच एका फरकावर चालतात.

## 2. किती पिक्सेल लागतात ते आधी मोजा

प्रत्येक फोटोसाठी एवढा खटाटोप करायची गरज नसते. साधा भागाकार करा: फोटोची लांब बाजू पिक्सेलमध्ये, भागिले छपाईची लांब बाजू इंचात. उत्तर 300 च्या आसपास आलं तर उत्तम, 200 च्या वर असेल तर अल्बमला चालतं, 150 च्या खाली गेलं की जवळून बघणाऱ्याला कळतं आणि 100 च्या खाली फोटो फाटतो.

एक उदाहरण धरू. अल्बमचं पान 12 बाय 36 इंच उघडतं, म्हणजे डावीकडे 12 बाय 18 आणि उजवीकडे 12 बाय 18. डाव्या अख्ख्या पानावर हळदीचा एक आडवा फोटो टाकायचा आहे. मोबाइल 12 मेगापिक्सेलचा, म्हणजे ओरिजनल 4000 बाय 3000.

ओरिजनल आला तर 4000 भागिले 18, म्हणजे इंचाला 222 पिक्सेल. पान छान छापलं जाईल. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून 1600 बाय 1200 होऊन आला तर 1600 भागिले 18, म्हणजे इंचाला 89. हा पानभर टाकायच्या लायकीचा उरला नाही. कोपऱ्यात 5 बाय 7 च्या चौकटीत बसेल. एकूण पिक्सेल मोजले तर एक कोटी वीस लाखांपैकी एकोणीस लाख वीस हजार उरले, म्हणजे 16 टक्के.

याच हिशेबाने हेही कळतं की मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा ओरिजनल फोटो पूर्ण 36 इंचांवर पसरवला तर तोही 111 वर येतो. तेव्हा "ओरिजनल दिलाय, आता दोन्ही पानांवर टाका" असा हट्ट धरू नका.

फ्लेक्सचं गणित वेगळं आहे. 10 बाय 6 फुटांचा बोर्ड रस्त्याच्या पलीकडून बघितला जातो, त्यामुळे इंचाला 30-40 पिक्सेलही भागतात. तिथे खरी गोची होते ती कापाकापीत. वाढदिवसाच्या बोर्डासाठी ग्रुप फोटोतून एकाच माणसाचा चेहरा उचलतात. ओरिजनलमध्ये तो चेहरा 250 पिक्सेल रुंद असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतीत 100 पिक्सेलच उरतो, आणि बोर्डावर तोच चेहरा दीड-दोन फुटांचा करायचा असतो. पुढचं सांगायला नको.

## 3. दहा-वीस फोटो: व्हॉट्सअ‍ॅपवरूनच, पण डॉक्युमेंट करून

अँड्रॉइडवर असं करा:

1. अल्बमवाल्याचं चॅट उघडा आणि पिनचं चिन्ह दाबा.
2. `Gallery` नको, `Document` निवडा.
3. मोबाइलमधल्या फाइली शोधायचा पर्याय घ्या, आणि `DCIM` फोल्डरमधल्या `Camera` मध्ये जा. कॅमेऱ्याने काढलेले फोटो तिथे असतात.
4. फोटोवर बोट दाबून धरा, मग बाकीचे निवडत जा.
5. पाठवायच्या आधी बघा: फाइलचं नाव आणि त्याखाली एमबीमधला आकार दिसला पाहिजे. नुसतं मोठं चित्र दिसत असेल आणि मथळा लिहायची जागा, पेन्सिल, स्टिकर वगैरे वर दिसत असतील, तर तुम्ही परत फोटोच्या वाटेवर आहात. मागे फिरा.

2022 पासून एका डॉक्युमेंटची मर्यादा 2 जीबी आहे, त्यामुळे फोटोंना ती कधी आड येत नाही.

इथे चार ठिकाणी माणसं फसतात.

पहिलं, एचडी. फोटो पाठवताना वर `HD` चं बटण असतं. ते 2023 मध्ये आलं. साध्यापेक्षा ते कितीतरी बरं, पिक्सेल बरेचसे टिकतात. पण जेपीईजी पुन्हा दाबली जाते आणि फोटोसोबतची माहिती निघून जाते. नातेवाइकांना पाठवायला एचडी पुरेसं आहे. छपाईला द्यायचं असेल तर डॉक्युमेंटच.

दुसरं, चुकीची प्रत. मोबाइलमध्ये एकच फोटो दोनदा असू शकतो: एक तुम्ही काढलेला आणि एक ग्रुपवरून परत आलेला. `IMG-20240512-WA0007.jpg` अशा नावात `WA` दिसलं की तो व्हॉट्सअ‍ॅपचा. तो डॉक्युमेंट करून पाठवला तरी आत दाबलेलाच फोटो आहे. आणि तो गॅलरीतून साधा पाठवला तर आधीच दाबलेला फोटो आणखी एकदा दाबला जातो.

तिसरं, तारीख. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये फोटो कधी काढला ती तारीख-वेळ लिहिलेली असते. अल्बमवाला पाच जणांच्या मोबाइलमधले फोटो एकत्र करून वेळेप्रमाणे लावतो, म्हणजे हळद, मग देवक, मग अक्षता असा क्रम आपोआप लागतो. फोटो म्हणून पाठवले की ही माहिती पुसली जाते आणि चारशे फोटोंची खिचडी होते. डॉक्युमेंटमध्ये ती टिकते. मात्र त्याच माहितीत फोटो कुठे काढला तेही असू शकतं, म्हणजे तुमच्या घराचं ठिकाण. ओळखीच्या स्टुडिओला देताना याची चिंता नाही. अनोळखी माणसाला देताना ही गोष्ट ध्यानात असू द्या.

चौथं, घेणाऱ्याच्या बाजूचा घोळ. डॉक्युमेंट म्हणून आलेला फोटो गॅलरीत आपोआप दिसत नाही. "आलाच नाही" असं कुणी म्हटलं तर आधी त्याला चॅटमधली फाइल डाउनलोड करायला सांगा. अँड्रॉइडवर ती `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Documents` मध्ये जाते. काहीजण फाइल उघडतात, स्क्रीनशॉट काढतात आणि तो पुढे पाठवतात. स्क्रीनशॉट हा पडद्याचा फोटो. ओरिजनलचा त्याच्याशी संबंध उरला नाही. डॉक्युमेंट तसंच फॉरवर्ड केलं तर ते डॉक्युमेंटच राहतं, म्हणून पुढे द्यायचं असेल तर फॉरवर्डच करायला सांगा.

टेलिग्राम वापरत असाल तर तिथेही हेच: फोटो म्हणून नको, `File` म्हणून. मर्यादा फुकटच्या खात्याला 2 जीबी. टेलिग्रामवर फाइल क्लाउडमध्ये राहते, त्यामुळे अल्बमवाल्याला ती आठवड्यानेही कॉम्प्युटरवर उतरवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर वेळेत उतरवून घेतली नाही तर परत मागायची वेळ येते.

## 4. आयफोन असेल तर एक वळसा

आयफोनवर फोटो आणि फाइल ही दोन वेगळी घरं आहेत. फोटो आधी फाइलच्या घरात न्यायचा आणि तिथून पाठवायचा:

1. `Photos` मध्ये फोटो निवडा आणि शेअरचं चिन्ह दाबा.
2. वर `Options` दिसतं, त्यात जा. ठिकाण पाठवायचं नसेल तर `Location` इथेच बंद करता येतं.
3. मग `Save to Files` आणि एखादा नवा फोल्डर.
4. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `+`, मग `Document`, मग फाइल्समधून तो फोल्डर.

शेअर दाबून थेट व्हॉट्सअ‍ॅप निवडलं तर ती फोटोचीच वाट, दाब पडणारच.

आयफोनचा खरा त्रास पुढे होतो. त्याचे फोटो बहुतेक वेळा `.HEIC` असतात. जुन्या विंडोजवर आणि जुन्या फोटोशॉपवर ही फाइल उघडत नाही, आणि मग अल्बमवाला कुठल्यातरी वेबसाइटवर टाकून ती बदलतो, तिथे ती लहान होऊन येते. पाठवण्याआधी विचारा: "एचईआयसी उघडतंय का तुमच्याकडे?" नाही म्हणाले तर वरच्याच `Options` मध्ये `Most Compatible` निवडा, म्हणजे पूर्ण मापाची जेपीईजी तयार होते. यात एकदा नव्याने दाब पडतो, पण तो हलका असतो आणि पिक्सेल सगळे राहतात. छपाईत फरक दिसत नाही. लग्न अजून व्हायचं असेल तर आधीच `Settings`, `Camera`, `Formats` मध्ये जाऊन `Most Compatible` करून ठेवा, म्हणजे फोटो जेपीईजीतच निघतील.

मोबाइलमध्ये `Optimize iPhone Storage` चालू असेल तर ओरिजनल आयक्लाउडवर आणि हातात लहान प्रत, अशी स्थिती असू शकते. शेअर करताना तो ओरिजनल खाली उतरवतो, त्याला नेट लागतं. कार्यालयात रेंज नसताना हे काम काढू नका.

## 5. शंभर-दोनशेच्या वर: ड्राइव्हचा फोल्डर

300 फोटो गुणिले 4 एमबी म्हणजे 1.2 जीबी. हे डॉक्युमेंट करून एकेक पाठवलं तर दोन्हीकडचे लोक वैतागतात. गुगल ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करा, नाव असं द्या की कुणालाही कळावं, उदाहरणार्थ `हळद_मामांचा मोबाइल`. त्यात फोटो अपलोड करा. मग फोल्डरच्या शेअरमध्ये जाऊन `Anyone with the link` आणि `Viewer` निवडा, आणि लिंक अल्बमवाल्याला पाठवा. काम झालं की लिंक बंद करायची, नाहीतर ती ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं लग्न दिसतं.

वायफायचा अपलोड वेग सेकंदाला 10 मेगाबिट असेल तर 1.2 जीबीला साधारण 16 मिनिटं लागतात. जाहिरातीत सांगतात तो वेग डाउनलोडचा असतो, चढवायचा वेग त्याच्यापेक्षा बराच कमी असू शकतो. अपलोड अडकून बसलं असेल तर ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये `Transfer files only over Wi-Fi` चालू आहे का बघा. मोबाइल डेटावर असाल तर ते वाट बघत राहतं आणि तुम्हाला वाटतं चढलं.

लिंक पाठवल्यावर स्वतःच तपासा. ती ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे परवानगी मागणारा पडदा आला तर अल्बमवाल्यालाही तोच दिसणार आहे, आणि तो रात्री दहाला फोन करणार आहे.

आता एक सापळा, जो भल्याभल्यांना गाठतो. ड्राइव्ह आणि गुगल फोटो या दोन वेगळ्या जागा आहेत. ड्राइव्ह फाइलला हात लावत नाही. गुगल फोटोमध्ये मात्र बॅकअपची क्वालिटी `Storage saver` असेल तर फोटो पुन्हा दाबले जातात, 16 मेगापिक्सेलच्या वरचे लहान केले जातात आणि व्हिडिओ 1080 वर आणला जातो. जागा वाचावी म्हणून बऱ्याच घरांत हेच सेटिंग असतं, कारण 1 जून 2021 पासून हे फोटोही फुकटच्या 15 जीबीत मोजले जातात. अशा खात्यातून अल्बमची लिंक दिली तर मिळणारी फाइल ओरिजनल नाही. त्यात तुम्ही "जागा मोकळी करा" दाबून मोबाइलमधले फोटो काढून टाकले असतील, तर ओरिजनल कुठेच उरला नाही. लग्नाआधी हे सेटिंग बघून ठेवा आणि `Original quality` करा.

## 6. व्हिडिओ: इथे फरक सगळ्यात जास्त पडतो

फोटोत एक चित्र दाबलं जातं. व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं असतात, आणि जागा वाचवायची युक्ती अशी की प्रत्येक चित्र पूर्ण न ठेवता मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहायचं. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर ओठ आणि हात सोडून काहीच बदलत नाही, त्यामुळे दाबलेला व्हिडिओही बरा दिसतो.

आता जोतिबाच्या चैत्र यात्रेतला व्हिडिओ घ्या. वाडी रत्नागिरीला सासनकाठ्या नाचतायत आणि सगळीकडे गुलाल उधळलाय. गुलालाचा प्रत्येक कण प्रत्येक चित्रात जागा बदलतो, म्हणजे मागच्या चित्रातलं उसनं घेण्यासारखं काही उरत नाही. लिहायचं खूप आणि अ‍ॅपने दिलेली जागा ठरलेली. मग गुलालाच्या ढगाचे मोठे गुलाबी चौकोन होतात आणि त्यात माणसांचे चेहरे विरघळतात. वरातीत अक्षता आणि फुलं उडाली, पाऊस आला किंवा एलईडीचे दिवे लुकलुकायला लागले की हेच होतं. म्हणजे जो क्षण राखून ठेवावा असा असतो, नेमका तिथेच दाबलेला व्हिडिओ सगळ्यात जास्त बिघडतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ साधारण 480 रेषांवर आणि एचडी निवडला तर 720 वर येतो. तुमचा मोबाइल 1080 किंवा 4के काढत असतो. म्हणून व्हिडिओही `Document` मधूनच. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेला हिशेब असा आहे: 4के, सेकंदाला 30 चित्रं, एक मिनिट म्हणजे सुमारे 170 एमबी, 1080 ला सुमारे 60 एमबी. म्हणजे 4केचा 10 मिनिटांचा व्हिडिओ 1.7 जीबी होतो आणि डॉक्युमेंटच्या 2 जीबीत जेमतेम बसतो. त्याहून लांब असेल तर ड्राइव्ह. पाठवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या पडद्यावर व्हिडिओ कापू नका. कापला म्हणजे तो नव्याने लिहिला गेला.

ड्राइव्हवर व्हिडिओ टाकल्यावर लगेच प्ले केला तर तो धूसर दिसतो. ती फक्त बघण्यासाठी तयार केलेली हलकी प्रत असते. डाउनलोड केल्यावर ओरिजनलच येतो, त्यामुळे "ड्राइव्हनेपण दाबला" म्हणून घाबरायचं कारण नाही. एडिटिंगवाल्याला सांगा: प्ले करून रेकॉर्ड करू नका, डाउनलोड करा.

आयफोनचा व्हिडिओ एडिटिंगवाल्याकडे पांढरट, जळाल्यासारखा दिसत असेल तर तो दाबण्याचा दोष नाही. तो एचडीआर आहे, म्हणजे त्यात उजेड आणि रंगांची पट्टी नेहमीपेक्षा मोठी असते, आणि एडिटिंगवाल्याचा प्रोजेक्ट साध्या रंगांचा आहे. पुढच्या कार्यक्रमाला `Camera`, `Record Video` मध्ये `HDR Video` बंद करून शूट करा.

## 7. समोरासमोर असाल तर नेटच नको

राजारामपुरीत स्टुडिओत जाऊन बसणार असाल तर केबलसारखं दुसरं काही नाही. अँड्रॉइड जोडला की तो आधी फक्त चार्ज होतो. वरून नोटिफिकेशन ओढून यूएसबीच्या पर्यायात `File transfer` निवडा, मग कॉम्प्युटरवर `DCIM` दिसेल. आयफोन विंडोजला जोडणार असाल तर फोटोंच्या सेटिंगमध्ये `Transfer to Mac or PC` खाली `Keep Originals` करा. तिथे `Automatic` असलं की उतरवताना फाइली बदलत जातात आणि मध्येच उतरवणं अडकतं.

मोबाइल ते मोबाइल: दोन्ही अँड्रॉइड असतील तर `Quick Share`, दोन्ही आयफोन असतील तर एअरड्रॉप. दोन्ही ओरिजनल फाइल देतात. ब्लूटूथही ओरिजनल देतं, पण 1 जीबीला एवढा वेळ लागतो की तोवर चहा दोनदा होईल.

पेनड्राइव्हवर मोठा व्हिडिओ जात नसेल आणि जागा तर भरपूर दिसत असेल, तर तो पेनड्राइव्ह `FAT32` आहे. त्यावर एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी बसत नाही. तो `exFAT` मध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जातं, आधी काढून घ्या.

## 8. पोचलेली फाइल तपासा

"मिळाले" या शब्दावर विसंबू नका. दोन-तीन फोटो निवडा आणि दोन्ही बाजूंनी नाव, पिक्सेल आणि आकार जुळवा. अँड्रॉइडवर गुगल फोटोमध्ये फोटो वर सरकवला की, आयफोनवर `i` दाबलं की हे दिसतं. विंडोजवर राइट क्लिक, `Properties`, `Details`. पिक्सेल जुळले आणि आकार वेगळा असेल तर कुठेतरी पुन्हा दाब पडला आहे. एमबीच्या आकड्यात थोडा फरक मोजण्याच्या पद्धतीमुळेही पडतो, म्हणून बाइटचा आकडा बघा.

मोठं काम असेल आणि दोन्हीकडे विंडोज असेल तर फाइलचा ठसा काढता येतो. फाइल असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
certutil -hashfile IMG_20240512_101530.jpg SHA256
```

दोन्ही कॉम्प्युटरवर 64 अक्षरांची तीच ओळ आली तर फाइल एका बाइटनेही बदललेली नाही.

हे जुळेपर्यंत मोबाइलमधला एकही फोटो काढून टाकू नका. आणि काढून टाकलाच असेल तर लगेच कचऱ्याच्या डब्यात बघा: आयफोनच्या `Recently Deleted` मध्ये फोटो 30 दिवस राहतो, गुगल फोटोच्या `Trash` मध्ये बॅकअप झालेला 60 दिवस आणि न झालेला 30 दिवस. तिथेही नसेल तर तोच क्षण शेजारी उभ्या असलेल्या कुणी काढला होता का ते विचारा, ग्रुपवर टाकलेला नको, त्याच्या कॅमेऱ्यातला मागा. तोही नाही मिळाला तर हातात 1600 पिक्सेलची प्रत आहे असं धरून अल्बमवाल्याला आधीच सांगा: हा फोटो 8 इंचांपेक्षा मोठा टाकू नका, पान भरायला शेजारी आणखी दोन घ्या.